स्थिती बदलली की निरोप

जयवंत मेस्त्री आमच्या टीमचे बिझनेस ॲनालिस्ट. ग्राहकाला काय हवंय ते समजून घ्यायचं आणि डेव्हलपरला बनवता येईल, मला तपासता येईल अशा भाषेत ते लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. अंधेरीच्या एमआयडीसीत आमचं ऑफिस आहे. सगळे त्यांना जयवंतदादा म्हणायचे. वय चव्वेचाळीस, राहायला भांडुपला. वडील गिरणीत होते, ती बंद पडल्यावर त्यांनी सुतारकीची जुनी हत्यारं पुन्हा बाहेर काढली होती. दादांना मात्र खिळा ठोकता येत नाही, असं ते स्वतःच सांगायचे.

मी जान्हवी, टेस्टर. दादांनी लिहायचं, दिपेश आणि त्याच्या हाताखालच्या डेव्हलपर मुलांनी बनवायचं आणि ते लिहिल्याप्रमाणे चालतं की नाही हे मी बघायचं. त्यामुळे त्यांचं लिखाण माझ्याइतकं कुणीच वाचलं नसेल.

पूर्वी ते शब्दांवरून फार भांडायचे. ग्राहकाकडून येतो तो डेक, म्हणजे स्लाइड्सचा गठ्ठा. त्यात सगळं गोड असतं. ‘सहज’, ‘झटपट’, ‘ग्राहकाला आनंद’. दादा एकेक शब्द पकडायचे. ‘झटपट म्हणजे किती? तीन सेकंद की तीस? नेट नसेल तर? माणसाने दोनदा बटण दाबलं तर?’ ग्राहकाची माणसं वैतागायची. पण त्या भांडणातून ज्या यूजर स्टोरीज निघायच्या त्या स्वच्छ असायच्या. एक स्टोरी म्हणजे एका माणसाची एक गरज. कोण, त्याला काय हवंय, कशासाठी. आणि खाली स्वीकाराचे निकष: अशी परिस्थिती असताना, असं घडलं, तर असं व्हायला हवं. ते झालं तर काम पूर्ण, नाही झालं तर नाही. मला त्यात अंदाज करायला काही उरायचं नाही.

मग रुचिरावहिनी, दादांच्या पत्नी, गेल्या. डोक्यात रक्तस्राव झाला, चार दिवस आयसीयूत होत्या. दादा तेराव्यानंतरच्या सोमवारी कामावर आले. डबा आणला होता. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि विचारलं, ‘‘माझ्या मागे कुठल्या स्टोरीज अडल्यात?’’

तेव्हापासून त्यांचं काम वेगाने व्हायला लागलं. डेक आला की दोन-तीन दिवसांत बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, स्टोरीज तयार. ग्राहकाला फोन नाही, वाद नाही. वरचे खूश होते. एका मीटिंगमध्ये त्यांचं कौतुकही झालं, तेव्हा दादांनी नुसती मान हलवली. स्टोरीज वाचताना मला मात्र विचित्र वाटायचं. चूक काही नसायची. स्लाइडवरचं वाक्य उचलून निकषाच्या साच्यात बसवलेलं असायचं. भांडायला जागाच नसायची, कारण कुणी कशाला हातच लावलेला नसायचा.

मी एकदा म्हटलं, ‘‘दादा, बरं आहे ना?’’

‘‘हो गं. झोप लागते, जेवतो. काही होत नाही मला,’’ ते म्हणाले. ते तक्रार म्हणून बोलले नाहीत. मोबाइलला रेंज नाही असं सांगावं तसं सांगितलं.

त्यानंतर काही महिन्यांनी एका हॉस्पिटल साखळीचं काम आलं. रुग्णाच्या नातेवाइकांसाठी ॲप. हॉस्पिटलचं म्हटल्यावर हे दुसऱ्या कुणाला द्यावं का, अशी कुजबुज झाली. दादांच्या कानावर ती गेली असावी. ते म्हणाले, ‘‘माझ्याकडे वेळ आहे. मी करतो.’’

डेक देखणा होता. आयसीयूबाहेरच्या खुर्च्यांवर ताटकळलेली माणसं, कुणी काही सांगत नाही म्हणून होणारी घालमेल, हे सगळं पहिल्या काही स्लाइड्सवर नीट मांडलं होतं. पुढे उपाय होता: ‘कुटुंबाला प्रत्येक टप्प्याची माहिती, त्याच क्षणी’. रुग्णाबरोबर जास्तीत जास्त तीन नातेवाइकांचे नंबर नोंदवायचे. हॉस्पिटलच्या सिस्टिममध्ये रुग्णाची स्थिती बदलली की तिघांनाही मेसेज. आणि यशाची मोजणी: शंभर टक्के बदलांचे मेसेज एका मिनिटाच्या आत.

दादांनी एपिक केलं, म्हणजे सगळ्या कामाचं एक मोठं शीर्षक, आणि त्याखाली स्टोरीज पाडल्या. नंबर नोंदवणं, भाषा निवडणं, मेसेज जाणं, न गेल्यास पुन्हा पाठवणं. आम्ही हे इंग्रजीत लिहितो, पण मधली स्टोरी साधारण अशी होती: ‘रुग्णाचा नातेवाईक म्हणून मला रुग्णाच्या स्थितीतला प्रत्येक बदल लगेच कळावा, म्हणजे मला ताटकळावं लागणार नाही.’ निकष असा: ‘रुग्णाचे नातेवाईक नोंदवलेले असताना, त्याची स्थिती बदलून जतन केली, तर सर्व नोंदवलेल्या नंबरांवर एका मिनिटाच्या आत मेसेज जावा.’

मी तपासणीचा तक्ता करायला बसले. माझी पद्धत अशी की प्रत्येक स्थितीसाठी एक ओळ, आणि समोर मोबाइलवर नेमकं काय दिसायला हवं ते. स्थितींची यादी हॉस्पिटलच्या सिस्टिमच्या कागदपत्रांत होती, अगदी शेवटी. दाखल. शस्त्रक्रियेत. आयसीयू. वॉर्ड. डिस्चार्ज. दुसऱ्या हॉस्पिटलला हलवले. सातवी, एक्स्पायर्ड.

मेसेजचा साचा डेकमध्येच दिला होता. ‘नमस्कार. तुमच्या रुग्णाची स्थिती आता अशी आहे:’ मग मोकळी जागा. शेवटी ‘काळजी घ्या.’ मी सहा ओळी भरल्या. सातव्या ओळीत मोकळ्या जागी तो शब्द टाकला आणि हात की-बोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

दादांना बाजूला घेऊन सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण दुपारी रिफाइनमेंटची मीटिंग होती. त्यात टीम एकेक स्टोरी वाचते, शंका विचारते आणि किती मोठं काम आहे त्याचा अंदाज लावते. ही स्टोरी आली. दिपेश म्हणाला, ‘‘सोपी आहे यार. स्थिती बदलली की आपल्याला इशारा येतो, आपण मेसेज टाकायचा. तीन पॉइंट.’’

‘‘जान्हवी, तुझं काही?’’ दादांनी विचारलं.

खोटं बोलणं जमलं नाही. ‘‘सातव्या स्थितीचं काय करायचं?’’

त्यांनी यादी उघडली. स्क्रीन भिंतीवर मोठी दिसत होती, त्यामुळे सगळ्यांनीच वाचलं. खोलीत आम्ही सहा जण होतो. दिपेश खाली टेबलाकडे बघायला लागला.

दादा बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग त्यांनी माऊसने स्टोरी उचलली आणि ‘तयार’च्या रकान्यातून काढून परत खाली टाकली.

‘‘ही तयार नाही. मी वाचून लिहिली नव्हती. पुढची घ्या,’’ ते म्हणाले.

मीटिंगनंतर ते माझ्या जागेपाशी आले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, ‘‘तुझा तक्ता दे.’’ उभ्या उभ्या सातही ओळी वाचल्या. ‘‘मला खाली औषधांच्या दुकानात बिल भरताना कळलं. एक तरुण डॉक्टरीण जिने उतरून शोधत आली. माझ्या हातातली पिशवी तिने आधी घेतली, काउंटरवर ठेवली. मग बाजूच्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. मग सांगितलं. नंतर मी औषधं परत केली, बहुतेक. नीट आठवत नाही.’’ मग म्हणाले, ‘‘दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचा मेसेज आला. तुमचा रुग्ण लवकर बरा होवो, आमच्या सेवेला किती तारे द्याल. मी डिलीट केला. तेव्हाही काही वाटलं नाही. आता हे लिहितानाही नाही वाटलं बघ. तोच निकष मी माझ्या हाताने लिहिला.’’

आवाज नेहमीचाच होता. मीच दुसरीकडे बघत होते.

स्टोरी परत लिहायची तर हॉस्पिटलात प्रत्यक्ष काय होतं ते विचारायला हवं होतं. डेकमध्ये नातेवाईक होते, डॉक्टर होते, नर्स कुठेच नव्हती. त्याच आठवड्यात आम्ही दोघं त्या साखळीच्या मुलुंडच्या शाखेत गेलो. आयसीयूच्या इन्चार्ज कमळ सिस्टर आमच्याशी लिननच्या खोलीत बोलल्या, कारण दुसरी मोकळी जागा नव्हती. तिथे चादरींच्या थप्प्यांवर लॅपटॉप ठेवून दादा टाइप करत होते.

‘‘सिस्टिममध्ये स्थिती कोण बदलतं?’’ दादांनी विचारलं.

‘‘ज्याचा हात मोकळा असेल तो. डॉक्टरांनी घोषित केलं की आम्ही भरतो. कधी लगेच, कधी सगळं आवरून झाल्यावर.’’

‘‘म्हणजे घरच्यांना सांगायच्या आधीही भरलं जातं?’’

‘‘जातं ना. नातेवाईक खाली चहा घ्यायला गेलेले असतात. त्यांना वर बोलवायचं, दोन माणसं तरी आहेत बघायचं, बसवायचं, मग डॉक्टर सांगतात. एकटी बाई असेल तर मी तिच्या घरून कुणी येईपर्यंत डॉक्टरांना थांबवते. तोवर कॉम्प्युटरमध्ये भरलेलं असतं.’’

‘‘चुकून दुसऱ्याच्या नावावर भरलं असं होतं?’’

सिस्टरनी आधी दाराकडे बघितलं. ‘‘दोन बेड शेजारी असतात. यादीत नावं वरखाली असतात. लगेच दुरुस्त करतो. कॉम्प्युटरपुरतं असतं म्हणून निभावतं.’’

दादांनी ते टाइप केलं. मग विचारलं, ‘‘डॉक्टरांनी सांगितलं, हे कुठे नोंदवता?’’

‘‘पेपरवर. वेळ आणि सही.’’

बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडताना ते म्हणाले, ‘‘ही एक स्टोरी नाही. तीन आहेत, कदाचित चार.’’ कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून कामाबद्दल काढलेला तो पहिला विषय.

त्यांनी स्टोरी तोडली. जुनीत सहा स्थिती राहिल्या, त्यांची नावं एकेक करून लिहिली, ‘प्रत्येक’ हा शब्द काढून टाकला. सातवीसाठी नवी स्टोरी, आणि तिच्यात पहिल्या ओळीतला माणूसच बदलला. नातेवाइकाऐवजी ‘ड्युटीवरचा डॉक्टर म्हणून’ अशी सुरुवात केली. ‘मला ही बातमी घरच्यांना समोर बसून सांगता यावी, म्हणजे ती त्यांना फोनच्या पडद्यावरून कळणार नाही.’ निकष असे की ही स्थिती भरली तर कुठल्याही नंबरावर मेसेज जाऊ नये. त्या रुग्णाचे आधी रांगेत असलेले मेसेजही थांबावेत. डॉक्टरच्या यादीत ‘कुटुंबाला सांगणे’ असं काम उघडावं. डॉक्टरने सांगितल्याची नोंद केल्यावरच ॲपमध्ये मृत्यूच्या दाखल्यासारख्या कागदपत्रांची माहिती दिसावी. चूक दुरुस्त होऊन दुसरी स्थिती भरली, तर ते काम बंद व्हावं आणि मधल्या घोळाचा मेसेज कुणालाच जाऊ नये.

एक प्रश्न उरला होता. नोंदवलेले नातेवाईक तीन. डॉक्टर तिथे हजर असतील त्यांनाच भेटतो. त्याने सांगून झाल्यावर बाकीच्यांना ॲपने सांगायचं का? मी म्हटलं, त्यांना तरी मेसेज जायला काय हरकत आहे, घरात एकाला तरी कळलेलंच असतं. दादा म्हणाले, ‘‘माहीत नाही. विचारून सांगतो.’’

कुणाला विचारणार ते मला कळलं नाही. सोमवारी सकाळी ऑफिसखालच्या चहावाल्याकडे त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी अबोली, बारावीला. रविवारी दुपारी ती भांडी पुसून लावत होती. त्यांनी तिला लॅपटॉपवरची स्टोरी दाखवली, काम काय आहे ते समजावलं आणि विचारलं, ‘‘आईचं तुला कसं कळलं होतं गं?’’

इतक्या महिन्यांत हे त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांची समजूत अशी की काकाने घरी जाऊन सांगितलं.

‘‘काका नंतर आला. बिल्डिंगच्या ग्रुपवर आलं होतं. कुणीतरी हात जोडलेले टाकले, मग बाकीच्यांनी टाकले. मला वाटलं तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गेल्या. मग ग्रुपवरचे आधीचे मेसेज वाचले,’’ ती म्हणाली.

‘‘घरात कोण होतं तेव्हा?’’

‘‘कुणी नाही. कुकर लावला होता मी.’’

दादांनी मला हे जसंच्या तसं सांगितलं. मी विचारलं, ‘‘मग तुम्ही काय म्हणालात?’’

‘‘काही नाही. काय म्हणणार? तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली भांडी पुसली. ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग ती रडली थोडी. मी नाही. पण बाजूला उभा होतो.’’ त्यांनी चहा संपवला. ‘‘तीनही नंबर बंद. कुणालाच नाही जाणार. घरच्यांना ठरवू दे कुणी कुणाला सांगायचं. लिहून टाकतो.’’

हॉस्पिटलच्या बाजूने प्रॉडक्ट बघणारे होते चंद्रप्रकाश. डेक त्यांचाच. व्हिडिओ कॉलवर त्यांनी नव्या स्टोरीज वाचल्या. माणूस वाईट नव्हता. पण त्याला वर आकडे दाखवायचे होते. ते हिंदीतून म्हणाले, शंभर टक्क्यांचं आश्वासन मी दिलंय, एक स्थिती वगळली तर आकडा पडेल. त्यापेक्षा मेसेजचे शब्द बदलू, ‘आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत’ असं लिहू.

दादा भांडले नाहीत, आवाजही चढवला नाही. म्हणाले, ‘‘शब्द कुठलेही घाला. सिस्टरच्या हातून शेजारच्या बेडवर भरलं गेलं तर ते जिवंत माणसाच्या घरी जातील. एका मिनिटाच्या आत. तीन फोनवर. तुमच्याच मोजणीप्रमाणे तो मेसेज यशस्वी धरला जाईल.’’

चंद्रप्रकाश स्टोरी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.

‘‘आकडा पडणार नाही. शंभर टक्के कशाचे, ते बदला. ज्या सहा स्थितींना मेसेज जायला हवा, त्यांचे शंभर टक्के. सातवीसाठी वेगळी मोजणी: किती वेळा मेसेज गेला. ती शून्य असायला हवी,’’ दादा म्हणाले.

दोन दिवसांनी होकार आला. डेकची नवी आवृत्ती आली, तिच्यात ‘प्रत्येक टप्प्याची’ ऐवजी ‘ठरलेल्या टप्प्यांची’ असं होतं. सगळंच मिळालं नाही. दादांना आला तसे तारे मागणारे मेसेज या साखळीतूनही जायचे, पण दुसऱ्याच एका कंपनीच्या सिस्टिममधून; त्याला हात लावायला या वेळी परवानगी नव्हती. दादांनी त्याची वेगळी स्टोरी लिहून बॅकलॉगमध्ये ठेवली. अजून ती तिथेच आहे, दर प्लॅनिंगला कुणीतरी तिच्यावर काहीतरी आणून ठेवतं.

दिपेशने या वेळी अंदाज लावताना घाई केली नाही. नव्या स्टोरीला त्याने आठ पॉइंट दिले आणि स्वतःच घेतली. रांगेतले मेसेज थांबवणं त्याला जड गेलं, दोनदा माझ्याकडून परत गेलं. तिसऱ्यांदा चाललं.

स्प्रिंटच्या, म्हणजे ठरावीक आठवड्यांच्या कामाच्या फेरीच्या, शेवटी डेमो होता. चंद्रप्रकाश आणि कमळ सिस्टर कॉलवर होते. टेबलावर तीन फोन ठेवले होते, तीन नातेवाइकांचे. आधी सहा स्थिती दाखवल्या. दर वेळी तीनही फोन वाजले. मग मी चाचणीच्या रुग्णाची सातवी स्थिती भरली आणि जतन केली. डॉक्टरच्या पडद्यावर काम उघडलं. आता मेसेज जात नाही हे सिद्ध करायचं, तर निकषाप्रमाणे पूर्ण मिनिट थांबणं भाग होतं.

आम्ही थांबलो. पलीकडून आयसीयूतल्या यंत्राचा टीक टीक आवाज येत होता, सिस्टर म्यूट करायला विसरल्या होत्या. दादा त्या तीन फोनांकडे बघत होते. पडदे काळे राहिले. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं होतं, त्यामुळे मिनिटापेक्षा जास्तच झालं असेल.

‘‘पास,’’ दिपेश हळूच म्हणाला.

सिस्टर म्हणाल्या, ‘‘हे बरं झालं.’’

दादांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. डोळे कोरडेच होते. मी मुद्दाम बघितलं, खोटं कशाला सांगू. ‘‘पुढची दाखव. चुकीची दुरुस्ती,’’ ते म्हणाले.

ते अजूनही कमी बोलतात. वहिनींबद्दल काढलं की ‘हो’ म्हणून विषय सोडतात. डेक आला की मात्र आता वेळ लावतात. परवा एका बँकेच्या डेकमधल्या ‘सर्व ग्राहक’ या दोन शब्दांवर त्यांनी तासभर फोनवर घालवला आणि वरून विचारणा झाली, की हल्ली स्टोरीज उशिरा का येतात.

डेमोच्या त्या दिवशी ते दुपारीच निघाले. अबोलीला फळ्यावरचं नीट दिसत नव्हतं, डोळे तपासायला मुलुंडला न्यायचं होतं. बॅग खांद्याला लावून ते माझ्या जागेपाशी थांबले.

‘‘फ्रेम कसली घेतात गं हल्ली मुली?’’

मी म्हटलं, ‘‘तिलाच निवडू द्या ना.’’

‘‘निवडेल. पण मला विचारेल कशी दिसते म्हणून. काय सांगू?’’

मी काहीतरी सांगितलं. ते त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि गेले.